एकही हप्ता चुकवला नाही, तरी सिबिल 72 नी कसा पडला?

"नमस्कार ताई, मी चिंचवडला राहतो, हातात पगार 58 हजार येतो. घरासाठी 30 लाखाचं लोन घ्यायचंय. मागच्या वर्षी सिबिल 778 होता, आता बघितला तर 706. एकही ईएमआय चुकवलेला नाही, क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरतो, मोबाईलचे हप्तेही संपले. वर्षभरात नोकरी बदलली आणि वापरत नसलेलं एक जुनं कार्ड बंद केलं, एवढंच. एक जण म्हणतो पाच हजार द्या, महिन्यात 800 करून देतो. देऊ का? रिपोर्ट जोडलाय."
– एक वाचक, चिंचवड

नमस्कार. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते, त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका, आणि पॅन नंबर, ओटीपी तर अजिबातच नाही. का ते पुढे सांगते.

रिपोर्ट जोडलात हे फार बरं केलंत, कारण बहुतेक पत्रांत नुसता आकडा असतो आणि नुसत्या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही. मी बावीस वर्षं एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काढली आणि शेवटची दहा-बारा वर्षं तर रोज हे रिपोर्ट वाचण्यातच गेली, तेव्हा आमची पद्धत अशी होती की स्कोअरवर नजर टाकायची आणि मग खालच्या पानांवर फूटपट्टी ठेवून एकेक खातं वाचत जायचं. स्कोअर तुमच्याबद्दल काही सांगत नाही हो, तो फक्त त्या खालच्या पानांबद्दल सांगतो. तुम्ही भरलंत की नाही हे त्याला थेट कळत नाही, तुमच्या बँकेने किंवा फायनान्स कंपनीने कुठल्या तारखेला काय कळवलं तेवढंच त्याला कळतं. तुमच्या सगळ्या भानगडीचं मूळ इथेच आहे.

आपल्याकडे अशी माहिती गोळा करणाऱ्या चार कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिल सगळ्यात जुनी म्हणून सगळ्याच स्कोअरला लोक सिबिल म्हणतात. बँका आणि फायनान्स कंपन्या या चौघींनाही माहिती पाठवतात, पूर्वी महिन्यातून एकदा पाठवायच्या, 1 जानेवारी 2025 पासून रिझर्व्ह बँकेने ते दर पंधरवड्याला केलं. त्यात जातं काय तर कर्ज कुठल्या प्रकारचं, मंजूर किती किंवा लिमिट किती, आज बाकी किती, थकीत किती, आणि महिनावार एक तक्ता. पगार किती, एफडी किती, एसआयपी कितीची, भिशी वेळेवर भरता का, यातलं काहीही स्कोअरमध्ये धरत नाहीत. म्हणून नोकरी बदलून पगार वाढला तरी स्कोअर त्यामुळे वर जात नाही. पण नोकरी बदलल्यामुळे खाली मात्र जाऊ शकतो, तुमचं नेमकं तेच झालंय.

आता रिपोर्टमधलं तिसरं खातं उघडा. प्रकार लिहिलाय कन्झ्युमर लोन, रक्कम 24,000, हप्ता 2,000, मुदत 12 महिने. हा तुमचा मोबाईल. दुकानात आपण म्हणतो 'शून्य टक्क्यावर हप्त्याने घेतला', पण हप्त्याची सोय दुकानदार करत नाही, त्याच्या टेबलाशेजारी बसलेला फायनान्स कंपनीचा पोरगा करतो, आणि ते चक्क तुमच्या नावावरचं कर्ज असतं, घरकर्जाइतकंच रीतसर. तुम्ही म्हणता हप्ते संपले, रिपोर्ट मात्र म्हणतो खातं अजून चालू आहे आणि थकीत रक्कम आहे. खाली महिन्यांचे चौकोन बघा, त्यात जे तीन आकडी नंबर असतात त्याला डीपीडी म्हणतात, म्हणजे देय तारीख उलटून किती दिवस झाले. तुमचे अकरा महिने 000, 000 असे स्वच्छ आहेत, आणि मग नोव्हेंबरमध्ये 025, डिसेंबरमध्ये 056, जानेवारीत 087.

हप्त्याची तारीख 5, आणि 5 नोव्हेंबर ते 30 नोव्हेंबर बरोबर 25 दिवस, म्हणजे शेवटचा बारावा हप्ता गेलेलाच नाही. का गेला नाही ते तुमच्याच पत्रात आहे. हप्ते ज्या खात्यातून आपोआप कापले जायचे ते जुन्या कंपनीचं पगार खातं होतं, ऑक्टोबरपासून तुमचा पगार नव्या खात्यात यायला लागला, जुन्यात काही शेकडे उरले असतील, आणि 5 तारखेला ऑटो डेबिट बाऊन्स झालं. पहिला पगार नव्या खात्यात जमा झाला की माणूस जुन्या खात्याकडे बघतही नाही, मी अशी निदान तीस-चाळीस प्रकरणं बघितली असतील आणि त्यातला एकही माणूस बुडव्या नव्हता.

तुम्हाला परवा फोनवर विचारलं की कोणाचे वसुलीचे फोन आले होते का, तर तुम्ही म्हणालात हो, आले होते, फ्रॉड समजून नंबर ब्लॉक केले. त्यात तुमची चूक नाही, दिवसच तसे आहेत. पण असा फोन आला की त्याच्याशी बोलायचं नाही, त्याने पाठवलेल्या लिंकवर पैसे भरायचे नाहीत, हे बरोबर, फक्त फोन कट केल्यावर त्या कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपवर किंवा शाखेत जाऊन आपलं खातं एकदा बघून यायचं. दोन मिनिटांचं काम असतं.

यात लोकांना खटकतं ते असं की 2,000 रुपयांसाठी एवढी शिक्षा? तर हो, कारण त्या चौकोनात रुपये नसतात, दिवस असतात. 2,000 चा हप्ता 87 दिवस रखडला काय आणि 20,000 चा रखडला काय, चौकोनात 087 च येतो. कुठलाही हिशोब लावला तरी वेळेवर परतफेड ही स्कोअरमधली सगळ्यात जड गोष्ट आहे, आणि त्यातही जुन्या चुकीपेक्षा ताजी चूक जास्त बोचते. तुमच्या तीनही चुका अगदी ताज्या.

मी तुम्हाला घाईने फोन केला तो 087 बघून. 90 दिवस ओलांडले की बँकेच्या लेखी ते कर्ज एनपीए होतं, म्हणजे बुडीतच्या वाटेवरचं, आणि मग घरकर्ज देणारा अधिकारी 'राहून गेलं असेल' असं म्हणू शकत नाही, त्याचे हात बांधले जातात. तुम्ही त्याच दिवशी संध्याकाळी भरलंत हे फार चांगलं झालं.

तेव्हा जो प्रसंग घडला तो मुद्दाम सगळ्यांसाठी लिहिते. तुमची एकूण थकबाकी निघाली 3,270, म्हणजे हप्ता 2,000 आणि बाकी बाऊन्स चार्ज आणि दंड. वसुलीवाला तुम्हाला म्हणाला, 'साहेब 2,000 भरा, वरचे सोडून देतो, सेटलमेंट करून टाकू.' ऐकायला गोड वाटतं, 1,270 रुपये वाचतात. पण सेटलमेंट झालं की रिपोर्टमध्ये खात्यापुढे 'सेटल्ड' असा शब्द येतो, आणि कर्ज अधिकारी त्याचा अर्थ एकच घेतो, या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत, कर्ज देणाऱ्याने कंटाळून कमी घेतले. हा शब्द वर्षानुवर्षं तिथे राहतो. आमच्याकडे 'सेटल्ड' दिसलं की फाईल बाजूला जायची, मग रक्कम 1,270 असो की 12 लाख. तुम्ही पूर्ण 3,270 भरलेत म्हणून तुमच्या खात्यापुढे 'क्लोज्ड' यायला हवं. दंड जास्त वाटला तर माफीसाठी कंपनीला मेल जरूर करावा, पण त्याच मेलमध्ये विचारायचं की दंड माफ केला तर खातं क्लोज्ड म्हणून कळवणार की सेटल्ड म्हणून, आणि क्लोज्ड असं लेखी आल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत.

आता कार्ड. इथे तुम्ही अगदी नेकीने वागलात आणि तरी मार खाल्लात, म्हणून जरा सावकाश सांगते.

तुमच्या चालू कार्डाचं लिमिट आहे 50,000. रिपोर्टमध्ये त्याच्यापुढे बाकी दिसतेय 44,200. तुम्ही म्हणाल मी तर पूर्ण भरतो, ही बाकी आली कुठून? तुमचं बिल निघतं 12 तारखेला आणि भरायची तारीख पुढच्या महिन्याची 2. तुम्ही 2 तारखेला इमाने इतबारे सगळं भरता. पण बँक जो आकडा पुढे कळवते तो साधारण बिल निघतानाचा किंवा पंधरवडा संपतानाचा असतो, आणि त्या दिवशी तुमच्या कार्डावर खरोखरच 44,200 उभे असतात. म्हणजे वाचणाऱ्याला दिसतं काय, तर दर महिन्याला लिमिटच्या 88 टक्के वापरणारा माणूस. तुम्ही नंतर भरता हे त्या महिन्याच्या 000 मध्ये दिसतं, पण हा माणूस सतत काठावर जगतोय ही शंका काही त्याने जात नाही. कार्डाच्या बाबतीत ढोबळ नियम असा धरतात की कळवला जाणारा आकडा लिमिटच्या 30 टक्क्यांच्या आत असावा. 31 झाले म्हणून आभाळ कोसळत नाही, पण 88 म्हणजे फारच झालं.

आणि मागच्या वर्षी हाच खर्च असूनही स्कोअर 778 का होता? तर ते जुनं कार्ड. त्याचं लिमिट 90,000 होतं आणि वापर शून्य. दोन्ही मिळून लिमिट 1,40,000, त्यावर 44,200 म्हणजे साधारण 32 टक्के. कार्ड बंद केलंत आणि खर्चात एक रुपयाचाही फरक न पडता तेच 32 टक्के 88 झाले. शिवाय ते तुमचं सगळ्यात जुनं खातं होतं, आठ वर्षांचं, त्यामुळे चालू खात्यांचं सरासरी वयही घटलं. बंद खात्याचा इतिहास रिपोर्टमधून लगेच पुसला जात नाही, तेवढा दिलासा आहे.

वापरात नसलेलं कार्ड बंद करायची आपल्याकडे एक चांगल्या घरातली शिस्त असते, नको तो मोह नको म्हणून, आणि ती मला मनापासून पटते. वार्षिक फी भरावी लागत असेल किंवा कार्ड हातात असलं की खर्च आवरत नसेल तर बंदच करावं, स्कोअर गेला खड्ड्यात. पण फी नसेल आणि स्वतःवर भरवसा असेल तर सगळ्यात जुनं कार्ड ठेवावं, दोन-तीन महिन्यांतून एकदा पेट्रोल भरावं आणि बिल आलं की भरून टाकावं. आणि बंद करायचंच असेल तर घरकर्ज मिळाल्यावर करावं, आधी नाही.

आता तुम्ही काय करायचं? बिल निघायच्या आधी पैसे भरायचे. 12 ला बिल निघतं तर 9 किंवा 10 तारखेला अ‍ॅपवर जाऊन 30,000 भरून टाका, बिल निघेल 14,200 चं, म्हणजे 28 टक्के. यात एक अडचण आहे ती आधीच सांगते कारण बाकीचे लोक ती सांगत नाहीत. 2 तारखेला तुम्ही मागचं 44,200 भरलेलं असणार, मग लगेच 10 ला 30,000 आणणार कुठून, पगार तर 58 आहे. पहिल्या महिन्यात हे जमणार नाही, ओढाताण होईल, आणि त्यासाठी कुठून उसने तर मुळीच घेऊ नका. त्यापेक्षा एक महिना किराणा, पेट्रोल, लाईट बिल सगळं यूपीआयने खात्यातून भरा, कार्डाला हात लावू नका, बिल आपोआप लहान होईल, आणि पुढच्या महिन्यापासून बिलाआधी भरायची सवय लावून घ्या. बिलाची तारीख गैरसोयीची असेल तर कार्ड कंपनीकडे बदलून मागता येते, पगारानंतर चार-पाच दिवसांनी बिल निघेल अशी घ्या.

आकडा खरंच कुठल्या दिवशीचा जातो हे ओळखायचं असेल तर रिपोर्टमध्ये त्या कार्डाखाली माहिती कळवल्याची तारीख असते. तुमचं कार्डाचं स्टेटमेंट शेजारी घ्या आणि त्या तारखेला बाकी किती होती ते ताडून बघा. तुमच्या बाबतीत आकडा बिलाच्या रकमेशी रुपयासकट जुळतोय, म्हणून मी 12 तारखेला धरून सांगितलं.

जाता जाता, बिलावर 'मिनिमम ड्यू' म्हणून जी छोटी रक्कम असते तेवढीच भरली तर रिपोर्टमध्ये उशीर दिसत नाही हे खरं, पण उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं आणि बाकी लिमिटला टेकत जाते. तुम्ही ते करत नाही, करूही नका.

तिसरी गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलीच नाहीत, पण रिपोर्टच्या शेवटच्या पानावर आहे. एन्क्वायरी नावाचा भाग बघा. जानेवारीतल्या 19 दिवसांत सात ओळी. तीन घरकर्जाच्या, तीन पर्सनल लोनच्या, एक क्रेडिट कार्डची. फोनवर तुम्ही म्हणालात, मी फक्त किती लोन मिळेल ते बघत होतो. बरोबर आहे, तुम्हाला बघणंच वाटलं. पण जिथे जिथे पॅन टाकून, अटी मान्य आहेत वर टिक करून, ओटीपी दिलात, तिथे तो कंपनीच्या दृष्टीने रीतसर अर्ज झाला आणि त्यांनी तुमचा रिपोर्ट मागवला. असा एक-दोनदा मागवला तर नगण्य फरक पडतो. पण तीन आठवड्यांत सात, त्यात पर्सनल लोन, आणि कुठल्याच चौकशीपुढे नवीन खातं उघडलेलं नाही, हे बघून माझ्यासारख्या माणसाला काय वाटायचं सांगू? याला पैशाची फार निकड आहे आणि सगळ्यांनी नाही म्हटलंय. दोन्ही खोटं, पण कागदावर तसंच दिसतं.

स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढला तर स्कोअर कमी होत नाही, कितीही वेळा काढा, ही भीती काढून टाका. चारही कंपन्यांकडून वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो त्यांच्याच वेबसाईटवरून घ्यायचा. आणि दुसऱ्या कोणी तुमचा रिपोर्ट मागवला की आता मोबाईलवर किंवा मेलवर तसा मेसेज येतो, तो जाहिरात समजून पुसू नका, आपण न केलेल्या अर्जाचा मेसेज आला तर तोच पहिला इशारा असतो.

आता त्या पाच हजारवाल्याबद्दल. तो करणार काय? तुमच्या रिपोर्टमध्ये तीन गोष्टी आहेत, तीनही खऱ्या आहेत. खरी नोंद पैसे देऊन कोणी काढू शकत नाही, सिबिलसुद्धा आपल्या मनाने काढू शकत नाही, माहिती पाठवणाऱ्या कंपनीने दुरुस्त करून पाठवली तरच बदलते. चुकीची नोंद असेल तर तक्रार तुम्ही स्वतः फुकट करू शकता. म्हणजे हा माणूस एकतर तुमच्या नावाने फुकट तक्रार टाकून पाच हजार घेणार, नाहीतर तुमचा पॅन आणि ओटीपी घेऊन आणखी कुठेतरी अर्ज करून ठेवणार. माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या, त्यांनी असाच एकाला ओटीपी दिला, स्कोअर तर वाढला नाहीच, पण त्यांच्या नावावर 18,000 चं अ‍ॅपवरचं कर्ज निघालं आणि ते आपलं नाही हे सिद्ध करण्यात त्यांचे पाच महिने गेले. शेवटी सुटल्या, पण मुलीच्या अ‍ॅडमिशनच्या वेळचं शैक्षणिक कर्ज तोवर लांबलं.

आता पुढचं. मोबाईलचं कर्ज भरल्याची पावती आणि कर्ज पूर्ण फिटल्याचं पत्र, ज्याला एनओसी म्हणतात, ते कंपनीकडून मेलवर मागून घ्या आणि जपून ठेवा. महिनाभर थांबा आणि मग रिपोर्ट परत काढा. त्या खात्यावर तीन गोष्टी बघायच्या, बाकी शून्य, थकीत शून्य, आणि स्थिती क्लोज्ड. 025, 056, 087 हे चौकोन मात्र तसेच राहतील, त्या तक्त्यात 36 महिने दिसतात, म्हणजे ते हळूहळू मागे सरकत जातील पण लगेच जाणार नाहीत. हे मी गोड करून सांगत नाही, कारण महिन्यात 778 परत येईल असं सांगणारा कोणीही खोटं बोलतोय. कार्डाचा भाग मात्र लवकर सुधारतो, 28 टक्के दिसायला लागले की पुढच्या एक-दोन अपडेटमध्येच फरक जाणवावा. चौकश्यांचा परिणामही नवीन अर्ज न करता काही महिने गेले की फिका पडतो. नेमके किती गुण वाढतील ते मी सांगणार नाही, कारण या कंपन्या आपलं गणित उघड करत नाहीत.

म्हणून मी म्हणेन, घर ताबडतोब घ्यायचं नसेल तर साधारण सहा महिने थांबा. थांबण्यातला फायदा आकड्यात सांगते. बऱ्याच बँका आता स्कोअर बघून घरकर्जाचा दर ठरवतात. समजा कमी स्कोअरमुळे तुम्हाला साडेआठऐवजी नऊ टक्के लागले, तर 30 लाख 20 वर्षांसाठी हप्ता 26,035 ऐवजी 26,992 पडतो. महिन्याला 957 रुपये, 20 वर्षांत जवळपास 2 लाख 30 हजार. त्या मोबाईलच्या हप्त्याच्या शंभरपटीहून जास्त.

आणि फ्लॅटचा टोकन आधीच दिलेला असेल, थांबणं शक्य नसेल, तर ज्या बँकेत आत्ता पगार जमा होतो त्या एकाच बँकेत जा, अ‍ॅपवर अर्ज न टाकता शाखेत जाऊन कर्ज अधिकाऱ्याला भेटा. सोबत जुन्या पगार खात्याचं ऑक्टोबर-नोव्हेंबरचं स्टेटमेंट, नव्या कंपनीचं नेमणूक पत्र, मोबाईल कर्जाची पावती आणि एनओसी न्या, आणि नोकरी बदलल्यामुळे हप्ता बाऊन्स झाला असं अर्ध्या पानात सरळ लिहून द्या. अकरा महिने 000 आणि शेवटचाच हप्ता चुकला, त्याच्या आदल्याच महिन्यात पगार खातं बदललं, हे कागद एकमेकांशी जुळतात. असे कागद समोर आल्यावर मी स्वतः शिफारस केलेली आहे. आधी न सांगता त्याने स्वतः शोधून काढलं तर तीच गोष्ट लपवाछपवी वाटते. दर थोडा जास्त लावला तर लावू द्या, पुढे स्कोअर सुधारल्यावर दर कमी करायचा अर्ज देता येतो किंवा कर्ज दुसऱ्या बँकेत नेता येतं.

एक गोष्ट तुमच्या रिपोर्टमध्ये नाही पण पुढच्या सहा महिन्यांत कोणीतरी नक्की विचारेल म्हणून सांगते. कोणाच्या कर्जाला जामीन राहू नका. भावाला, मेहुण्याला, ऑफिसातल्या मित्राला, कोणालाही. जामीनदार म्हणून सही केली की ते कर्ज तुमच्याही रिपोर्टमध्ये येतं, आणि तो चुकला तर कर्ज अधिकारी ते चुकलेले हप्ते तुमच्याच नावाखाली वाचतो, तेही तुम्हाला कळायच्या आधी. घरकर्ज घ्यायचंय, सहा महिने थांबा, असं सरळ सांगा, समजूतदार माणूस रागावत नाही.

महिन्यानंतरच्या रिपोर्टमध्येही मोबाईलचं कर्ज चालूच दिसलं तर पावती आणि एनओसी जोडून सिबिलच्या वेबसाईटवर आणि त्या फायनान्स कंपनीकडे, दोन्हीकडे तक्रार टाका आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. कंपनीने 21 दिवसांत दुरुस्त माहिती पाठवायची असते, एकूण 30 दिवसांत तक्रार निकाली काढायची असते, आणि त्यापुढे गेलं तर रोजचे 100 रुपये भरपाई तुम्हाला द्यायचा नियम आहे. तिसाव्या दिवसाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा, आणि जुनं पगार खातं बंद करायच्या आधी त्याला अजून कुठलं ऑटो डेबिट जोडलंय का, विम्याचं, एसआयपीचं, गॅसचं, ते याच आठवड्यात बघून घ्या.